नाक दोघांचंही गळतंय, सर्दी मात्र एकालाच झालीय

ऑक्टोबर महिना, पुणे. पाऊस नुकताच संपलाय, ऊन तापायला लागलंय, दिवाळीची साफसफाई तोंडावर आलीय आणि एका घरात नवरा-बायको दोघंही एकाच वेळी शिंकतायत. नवरा म्हणजे माझा दादा आणि बायको म्हणजे वहिनी. दोघांचं नाक गळतंय, दोघं एकाच पाकिटातली मेडिकलवाल्याने दिलेली गोळी घेतायत आणि दोघांचं म्हणणं एकच, की यावेळची सर्दी जाम चिवट आहे. खरं बघायला गेलं तर सर्दी फक्त दादाला झालीय, वहिनीला अ‍ॅलर्जी आहे. हे ओळखायला रक्त तपासायची गरज पडत नाही, घड्याळ आणि कॅलेंडर एवढं पुरतं, फक्त त्यात नेमकं काय बघायचं ते माहीत पाहिजे. या दोघांचाच आठवडा घेऊ आणि नीट बघू.

आधी दादा. शुक्रवारी त्याची लेक शाळेतून नाक पुसत आली, शनिवार-रविवार बाबाच्या अंगावर लोळून टीव्ही बघितला. सोमवारी संध्याकाळी दादाचा घसा खवखवायला लागला, गिळताना टोचल्यासारखं, थोडी कणकण, "अंग मोडून आलंय रे" वगैरे. मंगळवारी सकाळी शिंका सुरू आणि नाकातून पाणी. बुधवार-गुरुवार सगळ्यात वाईट, नाक चोंदलं, डोकं जड, चव गेली, रात्री तोंड उघडं टाकून झोप. शुक्रवारी शेंबूड घट्ट आणि पिवळसर झाला, शिंका जवळपास थांबल्या. पुढच्या सोमवारी दादा ऑफिसला गेला, फक्त खोकला मागे राहिला, तो आणखी आठवडाभर टिकला. ही अगदी साधी, पुस्तकात लिहावी अशी सर्दी. एक लक्षात घ्या की रोजचं दुखणं वेगळं आहे, सोमवारचा दादा आणि गुरुवारचा दादा यांच्या तक्रारी सारख्या नाहीत. सर्दी चढते, माथ्यावर जाते आणि उतरते, आणि बहुतेक वेळा सात ते दहा दिवसांत हा सगळा प्रवास पूर्ण होतो, काही जणांना दोन आठवडेही लागतात.

असं का होतं? कारण सर्दी हा व्हायरसचा आजार आहे आणि व्हायरसला आधी वाढायला वेळ लागतो. सर्दीचे व्हायरस बरेच आहेत, पण सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो ऱ्हायनोव्हायरस, त्याचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत (म्हणून तर एकदा होऊन गेली तरी पुन्हा होते, पुढच्या वेळी भलताच प्रकार भेटतो). तो नाकाच्या आतल्या अस्तरातल्या पेशीत शिरतो, तिथे स्वतःच्या प्रती काढतो, त्या बाहेर पडून शेजारच्या पेशीत शिरतात. त्याला नाक आवडतं कारण नाक शरीरापेक्षा जरा थंड असतं, साधारण ३३ डिग्रीला तो छान वाढतो. सुरुवातीला व्हायरस इतका थोडा असतो की शरीराला कळतही नाही. लेकीकडून तो दादाच्या नाकात शनिवारी पोचला असं धरलं तर सोमवारपर्यंतचा वेळ या गुपचूप वाढण्यात गेला. हा मधला काळ साधारण अर्ध्या दिवसापासून तीन दिवसांपर्यंत असतो.

हे अंदाजपंचे सांगितलेलं नाही. इंग्लंडमध्ये सॉल्सबरी गावाजवळ फक्त सर्दीचा अभ्यास करायला एक केंद्र होतं, १९४६ ते १९९० असं तब्बल चार दशकं चाललं. तिथे लोक स्वतःहून राहायला यायचे, त्यांच्या नाकात व्हायरसचे थेंब टाकायचे आणि मग कुणाला कधी शिंक आली, कुणी किती टिश्यू पेपर वापरले याची मोजदाद करायचे. जेवण-राहणं फुकट, निवांत वाचत पडायचं, बदल्यात सर्दी. अशा प्रयोगांमधूनच कळलं की नाकात व्हायरस घातला की सर्दी लगेच होत नाही, मधे तास जातात, आणि त्रासाचा कळस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो.

आता एक गंमत. सर्दीत आपल्याला जो त्रास होतो तो बराचसा व्हायरसने केलेला नसतो, आपल्याच शरीराने केलेला असतो. ऱ्हायनोव्हायरस नाकाच्या अस्तराची फारशी नासधूस करत नाही. पण शरीराला पत्ता लागला की ते मदतीला पेशी बोलावतं, त्यासाठी रक्तवाहिन्या फुगतात आणि त्यांतून पाणी झिरपतं, तेच नाकातून गळतं, आणि फुगलेल्या अस्तरामुळे नाक चोंदतं. या कामात ब्रॅडिकायनिन नावाचं एक रसायन मोठा भाग घेतं, घसा दुखायला लावण्यात त्याचाही हात असतो. आणि हिस्टामिन, ज्याच्या विरोधातल्या गोळ्या आपण सर्दीत सर्रास खातो, ते ऱ्हायनोव्हायरसच्या सर्दीत नाकातल्या पाण्यात फारसं वाढलेलं आढळतच नाही. हा मुद्दा पुढे गोळ्यांच्या वेळी कामाला येईल.

शेंबडाच्या रंगाबद्दल इथेच बोलून टाकतो कारण त्यावरून फार घोळ होतो. पिवळा-हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन वाढलं, आता अँटिबायोटिक पाहिजे, असं निम्मं महाराष्ट्र मानतं. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो, त्यांच्यात हिरवट रंगाचं एक द्रव्य असतं, पेशी जमल्या आणि मेल्या की शेंबडाला तो रंग येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी रंग बदलणं हा सर्दीचा नेहमीचा टप्पा आहे, आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही.

आता वहिनी. तिचं दुखणं सोमवारी सुरू झालेलं नाही, मंगळवारी पण नाही. "कधीपासून आहे गं?" विचारलं तर म्हणाली, "घटस्थापनेच्या आसपास सुरू होतं बघ दरवर्षी, दिवाळी झाली की जातं." या एका वाक्यात निम्मं निदान आलं. सर्दी अशी तिथी बघून येत नाही. तिचा रोजचा दिवस कसा जातो ते ऐका. सकाळी साडेसहाला उठून बाल्कनीचं दार उघडते, शेजारी मोकळा प्लॉट आहे, पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत माजलेलं. दार उघडल्यावर चहा टाकेपर्यंत शिंका सुरू, एक-दोन नाही, दहा-बारा सलग, मोजायचा कंटाळा येईल अशा. नाकातून टपटप स्वच्छ पाणी. डोळे चुरचुरतात आणि लाल होतात, नाकाच्या आत खाज, आणि टाळूला खाज, ती जीभ टाळूवर घासून कटकट आवाज करत खाजवते (ज्यांना हे होतं त्यांना मी काय म्हणतोय ते बरोबर कळेल). ताप नाही, घसा दुखत नाही, अंग दुखत नाही. अकराला ऑफिसात एसीत बसली की बऱ्यापैकी शांत. संध्याकाळी घरी आली की शिंका कमी पण नाक बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, परवा पुन्हा तेच. मधे चार दिवस माहेरी रत्नागिरीला गेली तर काही नाही, पुण्यात परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाल्कनी, पुन्हा शिंका.

म्हणजे बघा, दादाचा आजार दिवसागणिक बदलतो आणि वहिनीचा तासागणिक. दादाचा आजार एकदा सुरू झाला की तो कुठेही गेला, रत्नागिरीला नाहीतर लंडनला, तरी आपला कोर्स पूर्ण करूनच जाणार. वहिनीचा जागेवर अवलंबून आहे, वेळेवर अवलंबून आहे, हवेवर अवलंबून आहे, एखाद्या दिवशी परतीचा पाऊस धो धो पडून हवा धुऊन निघाली तर तिचा तो दिवस चांगला जातो. आणि महिना झाला तरी संपत नाही.

याचं कारण तिच्या नाकात जे जातंय ते वाढणारं काही नाही. ते परागकण आहेत, गवताचे, आणि गवताचा परागकण साधारण तीस-चाळीस मायक्रॉनचा, ऱ्हायनोव्हायरसच्या तुलनेत हजार पट मोठा. तो पेशीत शिरत नाही, प्रती काढत नाही, कुणाचं काही वाकडं करत नाही, नाकाच्या ओल्या अस्तराला चिकटतो आणि त्यातली काही प्रथिनं विरघळून बाहेर येतात. दादाच्या नाकातही तेच कण जातायत आणि त्याला काहीही होत नाही. फरक कणात नाही, वहिनीच्या शरीराने त्या प्रथिनाविरुद्ध आधीच केलेल्या तयारीत आहे. काही वर्षांपूर्वी, बहुतेक तिला पत्ताही न लागता, तिच्या शरीराने या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू ठरवलं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाचं अँटिबॉडी बनवलं. हे आयजीई नाकातल्या, डोळ्यांतल्या मास्ट सेल नावाच्या पेशींवर जाऊन बसतं. मास्ट सेलमध्ये हिस्टामिन आधीच बनवून, पुड्या भरून ठेवलेलं असतं. म्हणजे वात लावून ठेवलेला सुतळी बॉम्बच, फक्त ठिणगीची वाट बघतोय. ओळखीचं प्रथिन आलं, दोन आयजीईंना एकदम चिकटलं, की पुड्या फुटतात आणि हिस्टामिन बाहेर. हिस्टामिन नसांना डिवचतं म्हणून खाज आणि शिंका, ग्रंथींना कामाला लावतं म्हणून पाणी. काही वाढवायचं नाही, बनवायचं नाही, सगळा माल तयार, म्हणून हे मिनिटांत होतं. व्हायरसला दोन दिवस लागतात आणि गवताला चहा उकळेपर्यंतचा वेळ, त्याचं कारण हे.

ही आधीची तयारी रक्तात असते हे कसं कळलं त्याचा किस्सा मला फार आवडतो. १९२१ मध्ये दोन जर्मन डॉक्टर, प्राउसनिट्झ आणि क्युस्टनर. क्युस्टनरना माशाची अ‍ॅलर्जी होती, प्राउसनिट्झना मासे खाऊन काही होत नव्हतं. प्राउसनिट्झनी क्युस्टनरच्या रक्तातला पातळ भाग घेतला, स्वतःच्याच पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथे लाल गांधी उठली, खाज सुटली. आजूबाजूच्या कातडीला काही नाही. म्हणजे दुसऱ्याच्या रक्तातली ती तयार चीज कातडीत जाऊन बसली होती. ती चीज नेमकी कोणती हे शोधायला पुढे १९६० चं दशक उलटत आलं, तेव्हा तिला आयजीई हे नाव मिळालं. (आज असं कुणी करू नये, दुसऱ्याच्या रक्तातून काय काय येतं ते आता माहीत आहे.)

वहिनीचं संध्याकाळी नाक का बंद होतं, हे राहिलं. अ‍ॅलर्जीचे दोन अंक असतात. पहिला मिनिटांत येतो आणि तासाभरात ओसरतो, त्यात खाज-शिंका-पाणी. पण पुड्या फुटताना आणखी निरोप गेलेले असतात आणि त्यावरून दुसऱ्या पेशी, विशेषतः इओसिनोफिल, नाकाकडे निघतात. त्या पोचायला चार ते आठ-दहा तास लागतात आणि मग अस्तर सुजतं, नाक चोंदतं. सकाळी साडेसहाच्या बाल्कनीचं बिल दुपारनंतर येतं ते असं. बऱ्याच लोकांना वाटतं की ऑफिसच्या एसीनेच नाक बंद झालं. आणि रोज रोज हे होत राहिलं की नाक जास्तच हळवं होत जातं, सीझनच्या सुरुवातीला ज्याने काही झालं नसतं तेवढ्याशा परागाने शेवटी शेवटी शिंका येतात, इतकंच काय अगरबत्तीचा धूर, फोडणीचा ठसका, फटाक्यांचा धूर यांनीही. धुराची काही अ‍ॅलर्जी नसते, तो नुसता त्रासदायक असतो, पण आधीच सुजलेल्या नाकाला तेवढं पुरतं. म्हणून दिवाळीत वहिनीचं सगळ्यात वाईट होतं आणि सगळा दोष फटाक्यांवर जातो, गवत बाजूलाच राहतं.

दोष चुकीच्या माणसावर, म्हणजे झाडावर, टाकायची आपल्याला सवयच आहे. मोठी, रंगीत, वासाची फुलं दिसली की लोक नाक धरतात. पण गुलमोहर किंवा जास्वंदीसारख्या फुलांचे पराग जड आणि चिकट असतात, ते किड्या-पाखरांच्या अंगाला लागून जातात, हवेत फारसे उडत नाहीत. त्रास देतात ती दिसायला अगदी फालतू फुलं, जी वाऱ्यावर विसंबून असतात आणि म्हणून ढिगाने पराग सोडतात. आपल्याकडे पावसाळा संपताना सगळं गवत एकदम फुलोऱ्यावर येतं, साधी हरळी सुद्धा, शिवाय काटेमाठासारखं तण आणि आपलं गाजरगवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात. भारतात त्याची पहिली दखल पुण्यातच घेतली गेली, १९५०च्या दशकाच्या मध्यात, आणि तिथून ते देशभर गेलं. त्याच्याने नाकापेक्षा कातडीला जास्त त्रास होतो पण नाकालाही होतो. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरी फेरी येते, तेव्हा झाडं, त्यात वावळा हे एक मोठं नाव. म्हणून एखाद्याचा सीझन ऑक्टोबर असेल आणि एखाद्याचा होळीचा असेल, दोघांची अ‍ॅलर्जी वेगळ्या गोष्टीची. आणि भर पावसाळ्यात शिंकणाऱ्यांचा संशय गवतावर घेऊ नका, तेव्हा दमट भिंतीवरची बुरशी आणि गादी-उशीतले धुळीचे माइट जोरात असतात. माइटवाल्यांना त्रास वर्षभर असतो, दिवाळीत माळा काढला किंवा बेडशीट झटकली की तो एकदम उसळतो. साफसफाई करणाऱ्याने माळ्यावर चढताना साधा मास्क लावला आणि कोरडं झटकायच्या ऐवजी ओल्या फडक्याने पुसलं तरी बराच फरक पडतो.

आता त्या एकाच पाकिटातल्या गोळीकडे येऊ, कारण खरी दिशाभूल तीच करते. मेडिकलमध्ये "सर्दीची गोळी द्या" म्हटलं की बहुतेक वेळा जी मिळते तिच्यात जुन्या पिढीचं झोप आणणारं अँटिहिस्टामिन, क्लोरफेनिरामिन, असतं, नाक मोकळं करायला फिनाइलएफ्रिन आणि सोबत पॅरासिटामॉल. दादाने ती घेतली आणि त्याला बरं वाटलं, वहिनीने घेतली आणि तिलाही. मग दोघांना एकच झालंय असं वाटणारच की. पण जुनी अँटिहिस्टामिन गोळी दोन कामं करते, हिस्टामिनला अडवते आणि शिवाय तोंड-नाक सरसकट कोरडं करते. वहिनीला पहिल्या कामाचा उपयोग झाला, दादाला दुसऱ्याचा, आणि दोघांना छान झोप लागली त्याचा. शिवाय दादाने ती तिसऱ्या दिवशी घेतली, चौथ्या-पाचव्या दिवशी सर्दी उतरायलाच लागते, श्रेय गोळीला. म्हणून "गोळीने गेलं म्हणजे अ‍ॅलर्जी होती" हा हिशोब या गोळीवर लावता येत नाही. (ही गोळी-सिरप लहान मुलांना आपल्या मनाने देऊ नका, चार वर्षांखालच्या मुलांना हे क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिनचं मिश्रण देऊ नये असं भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलंय.)

नव्या पिढीच्या गोळ्या, सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, नाक तसं कोरडं करत नाहीत, फक्त हिस्टामिन अडवतात. म्हणून त्या वहिनीच्या शिंका आणि खाज चांगली थांबवतात आणि दादावर फारसं काही करत नाहीत, त्याच्या नाकात हिस्टामिनचा खेळ चाललेलाच नाही. सेटिरिझिनने काहींना झोप येते, गाडी चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आणि फेक्सोफेनाडिन घेतलंत तर पाण्यासोबत घ्या, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या ज्यूससोबत घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही.

पण गोळीने वहिनीचं संध्याकाळचं चोंदलेलं नाक सुटत नाही, तो दुसरा अंक आहे आणि त्यात हिस्टामिन एकटं नसतं. त्यासाठी नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे असतो, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन, डॉक्टर लिहून देतात. स्टेरॉइड शब्दाला लोक घाबरतात, पण हा डोस छोटा असतो आणि तो जवळपास नाकातच राहतो. याची खरी अडचण वेगळी, लोक एकदा मारून बघतात, दहा मिनिटांत काही झालं नाही म्हणून कपाटात टाकतात. त्याला पूर्ण असर दाखवायला काही दिवस ते दोन आठवडे रोज मारावा लागतो, त्यामुळे ज्यांचा सीझन ठरलेला आहे त्यांनी एक-दोन आठवडे आधीच सुरू केला तर उत्तम, वहिनीच्या बाबतीत म्हणजे गणपती उठले की. मारायची पद्धतही चुकते. मान वर करून मारू नका, थोडी खाली वाकवा, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे राहतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला तर तिथे कोरडं पडून रक्त येतं. आणि मारल्यावर जोरात सूं करून ओढू नका, ते घशात जातं, कडवट लागतं आणि नाकाला मिळतच नाही.

नाक झटकन मोकळं करणारे ड्रॉप्स, झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनवाले, हे वेगळे. ते दादासाठी तीन-चार रात्री ठीक. वहिनीने महिनाभर टाकले तर अस्तराला त्यांची सवय लागते, थेंब उतरले की नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं, मग पुन्हा थेंब. अशी वर्षभर खिशात बाटली घेऊन फिरणारी माणसं असतात. सर्दी सात दिवसांची आणि अ‍ॅलर्जी दोन महिन्यांची, हा फरक न ओळखल्याचं सगळ्यात महाग पडणारं बिल मला तरी हेच वाटतं.

आता जरा अवघड भाग. गुरुवारी वहिनीचाही घसा दुखायला लागला. म्हणजे लेकीची सर्दी दादामार्गे तिच्याकडे आली. अ‍ॅलर्जी आहे म्हणून सर्दी होत नाही असं थोडंच आहे, उलट सुजलेल्या नाकात सर्दी जास्त छळते, ऱ्हायनोव्हायरस पेशीत शिरताना जो कडीकोयंडा वापरतो तो अ‍ॅलर्जीने सुजलेल्या अस्तरावर जास्त संख्येने असतो. तर तिला कसं कळलं? टाळूची खाज आणि सकाळच्या शिंका तर होत्याच, त्यावर तीन नवीन गोष्टी आल्या, घसादुखी, कणकण आणि ऑफिसात बसूनही न थांबणारं नाक. पुढचे आठ-नऊ दिवस तिचं आणि दादाचं दुखणं एकाच वळणाने गेलं, मग घसा, ताप, घट्ट शेंबूड सगळं गेलं आणि सकाळच्या शिंका तेवढ्या मागे उरल्या. "माझी सर्दी महिनाभर गेली नाही" असं जे लोक सांगतात त्यांच्यात बऱ्याच जणांचं असंच असतं, मधे एक सर्दी येऊन गेलेली असते आणि तिच्या आधी व नंतर अ‍ॅलर्जी.

लहान मुलांमध्ये याच्या उलट गोंधळ होतो. शाळेत जायला लागलेल्या मुलाला वर्षात सहा-आठ सर्द्या होणं नेहमीचं आहे, पावसाळ्यापासून थंडीपर्यंत एक संपली की दुसरी, आई-बाबांना वाटतं अ‍ॅलर्जीच आहे. इथे कॅलेंडरवर खरंच खुणा करा. दोन सर्द्यांच्या मधे पोर एकदम टुणटुणीत असलेले चार-सहा दिवस दिसतात का, दर वेळी घसा-ताप-घट्ट शेंबूड असा क्रम दिसतो का, घरात आणखी कुणाला लागोपाठ होते का. होत असेल तर सर्दी. याउलट मूल तळहाताने नाकाचं टोक सारखं वर घासत असेल, नाकावर आडवी बारीक रेघ पडली असेल, डोळ्यांखाली काळसर झालं असेल, आणि घरात बाकी कुणाला काही नसेल, तर अ‍ॅलर्जीकडे बघायचं.

वहिनीने रक्ततपासणी करून घ्यावी का? एकूण आयजीई किती हा रिपोर्ट पुष्कळ लोक घेऊन फिरतात, पण तो जंतांमुळेही वाढतो आणि अ‍ॅलर्जी असून नॉर्मलही येतो, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर काही ठरत नाही. कामाची तपासणी म्हणजे कातडीवर वेगवेगळे अर्क टोचून बघतात ती, पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते का बघायचं (प्राउसनिट्झचीच धाकटी बहीण म्हणा), किंवा एकेका गोष्टीचं वेगळं आयजीई रक्तात मोजतात ती. कातडीच्या तपासणीआधी अँटिहिस्टामिन गोळी साधारण आठवडाभर बंद ठेवावी लागते, नाहीतर सगळंच निगेटिव्ह येतं आणि पैसे वाया. आणि पॉझिटिव्ह आलं तरी ते तुमच्या कॅलेंडरशी जुळलं पाहिजे. झुरळाला पॉझिटिव्ह आणि त्रास मात्र फक्त ऑक्टोबरच्या सकाळी, तर तो दोष झुरळाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ज्यांचा त्रास गोळी आणि स्प्रेने भागतो त्यांना तपासणीची घाईही नसते.

काही नाकं या दोन्हींत बसत नाहीत. मिसळ खाताना गळणारं नाक हे ना सर्दी ना अ‍ॅलर्जी, तिखटाने नसा चाळवतात एवढंच. सर्दी उतरायला लागून पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा ताप आणि गालाच्या हाडात दुखणं सुरू झालं, किंवा दहा दिवस झाले आणि जराही उतार नाही, तर सायनसमध्ये खरंच बॅक्टेरिया बसला असू शकतो, तिथे डॉक्टर. शिंकांसोबत छातीत सूं सूं आवाज, रात्री खोकला, दम लागणं असेल तर नाकासोबत दमाही तपासायला हवा, दोघं पुष्कळदा जोडीने असतात. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर आत शेंगदाणा, मणी किंवा खोडरबराचा तुकडा असण्याची शक्यता जास्त, घरी चिमटा घालायचा नाही. आणि डोक्याला मार लागल्यानंतर एकाच बाजूने पाण्यासारखं स्वच्छ गळायला लागलं, वाकल्यावर जास्त येतं, तर ते नाकाचं पाणी नसून मेंदूभोवतीचं असू शकतं, तेव्हा गोळी शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.